धागा: लहान गुठळीने फुफ्फुसाचा तुकडा मेला, मोठीने नाही. हे उलटं कसं?

ओवी_तिसरंवर्ष
नर्सिंगच्या परीक्षेच्या सरावाला एक केस मिळाली आहे, तिथे अडकले आहे. पुरुष, वय 46, आधीचा कुठलाही आजार नाही. उजव्या पायाची नडगी मोडली, जखम नाही, ऑपरेशन नाही, मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. नवव्या दिवशी छातीत डावीकडे खाली टोचणारी कळ, खोल श्वास घेतला की वाढते, थुंकीत रक्ताची रेघ. नाडी 112, बीपी 124/78, ऑक्सिजन 93 टक्के. एक्स-रेत डावीकडे खाली थोडी सावली, म्हणून न्यूमोनिया धरून अँटिबायोटिक सुरू. अकराव्या दिवशी संडासहून उठताना घेरी येऊन पडला. बीपी 82/50, नाडी 134, मानेच्या शिरा टम्म. तासाभरात केलेल्या सीटीत दोन गोष्टी दिसल्या. फुफ्फुसाच्या मुख्य धमनीचे दोन फाटे होतात तिथे खोगिरासारखी आडवी बसलेली मोठी गुठळी, आणि डाव्या खालच्या खंडाच्या कडेला पाचरीच्या आकाराचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला तुकडा.

प्रश्न असा: छोट्या गुठळीने फुफ्फुसाचा तुकडा मारला. अवाढव्य गुठळीने माणूस मरायला टेकवला, पण तिच्या पुढचं फुफ्फुस जिवंत. उलट व्हायला नको का? शिवाय थ्रॉम्बस आणि एम्बोलस हे शब्द मी एकमेकांच्या जागी लिहिते आणि मार्क जातात. तेही एकदा स्पष्ट करा.

जिममास्तर
एवढं अवघड नाहीये. थ्रॉम्बस म्हणजे जागेवर बसलेली गुठळी, एम्बोलस म्हणजे सुटलेली. पायातली सुटली की रक्ताबरोबर फिरते आणि जिथे अडकेल तिथे घात करते. हृदयात अडकली तर हार्ट अटॅक, मेंदूत अडकली तर स्ट्रोक, फुफ्फुसात अडकली तर पल्मनरी एम्बोलिझम. मोठी गुठळी जास्त नुकसान करणार हे उघड आहे. केस लिहिणाऱ्याने गडबड केली असेल.

सूक्ष्मदर्शी
मास्तर, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, तिथेच थांबला असतात तर पूर्ण मार्क होते. पायातली गुठळी "कुठेही" जात नाही. ओढे नदीला मिळतात तशा शिरा वर जाताना रुंद होत जातात. पोटरीतून गुडघ्यामागे, तिथून मांडीत, जांघेतून ओटीपोटात, मग पोटातली महाशीर, हृदयाचा उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा कप्पा. या सगळ्या वाटेवर गुठळीला अडकण्याजोगी अरुंद जागाच नाही. उजव्या खालच्या कप्प्यातून ती फुफ्फुसाच्या धमनीत शिरते आणि तिथून फाटे बारीक होत जातात. म्हणजे पहिली चाळणी फुफ्फुसाची. ती ओलांडून मेंदूत जायला हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक हवं. तसं झाकणासारखं भोक साधारण चारांतल्या एका प्रौढात उरलेलं असतं, पण त्यातून गुठळी पलीकडे जाणं हा अपवाद.

नेहमीच्या हार्ट अटॅकमध्ये तर गुठळी बाहेरून आलेलीच नसते. हृदयाच्या स्वतःच्या धमनीत चरबीचा थर फुटतो आणि त्या जखमेवर तिथल्या तिथे गुठळी धरते. तो थ्रॉम्बस. स्ट्रोकमध्ये एम्बोलस बऱ्याचदा असतो, पण तो हृदयाच्या डाव्या बाजूतून किंवा मानेच्या धमनीतून सुटलेला असतो, पोटरीतून नव्हे.

ओवी, तुझ्यासाठी: थ्रॉम्बस हे नाव जन्मावरून पडलं, एम्बोलस हे प्रवासावरून. जिवंत माणसाच्या वाहत्या रक्तात, भिंतीला चिकटून जे गोठतं ते थ्रॉम्बस. रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे अडकलेली कुठलीही वस्तू एम्बोलस. ती गुठळीच असली पाहिजे असं नाही. चरबी असेल, हवा असेल, जंतूंचा गोळा असेल. तुझ्या केसमध्ये हाड मोडलंय, तर परीक्षक विचारेल की मज्जेतली चरबी सुटली असेल का. तिचं चित्र बहुतेक एक ते तीन दिवसांत उमटतं: धाप, भ्रमिष्टपणा, छाती-काखेवर बारीक लाल ठिपके. नवव्या दिवशी एका बाजूला टोचणारी कळ हे तिच्यात बसत नाही.

झडपवाला
सोनोग्राफीच्या टेबलावरून थोडी भर. या केसमध्ये गुठळी कुठे जन्मली ते बघितलं की तीन कारणं पाठ करावी लागत नाहीत, ती एकाच जागी दिसतात. पोटरीच्या आतल्या शिरांमध्ये झडपा असतात. प्रत्येक झडपेच्या पाकळीमागे खिशासारखी खोबण असते. माणूस चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो आणि तो खिसा दर पावलाला धुऊन निघतो. प्लास्टरमध्ये ते बंद. खिशातलं रक्त तिथेच भोवऱ्यासारखं गरगरत राहतं, त्यातला ऑक्सिजन संपत जातो. हे पहिलं कारण, मंदावलेला प्रवाह.

ऑक्सिजन घटला की खिशाचं आतलं अस्तर बिथरतं. एरवी हे अस्तर रक्ताला "इथे गोठू नकोस" असं सतत सांगत असतं. बिथरल्यावर ते उलट चिकट होतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट धरून ठेवतं. दुसरं कारण हे. शिरेला चीर पडायलाच हवी असा गैरसमज असतो. पडली तर गोठणं झपाट्याने होतं, पण शिरांमध्ये अस्तराचा नुसता स्वभाव बदलला तरी पुरतं.

तिसरं कारण रक्तात आहे. हाड मोडणं म्हणजे मोठी जखम. यकृत गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा काही दिवस दबलेली राहते. म्हणजे रक्त गोठायला आधीच टपलेलं. नुसतं पडून राहणं सहसा गुठळी करत नाही. तिन्ही एकत्र आली की करते, आणि मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये ती एकत्रच येतात.

वाचनमात्र
हाच विरशॉचा त्रिकोण ना? त्याने 1856 मध्ये ही तीन कारणं मांडली असं वाचलंय.

सूक्ष्मदर्शी
नाव त्याचं, पण मांडणी तशी त्याची नाही. रुडॉल्फ विरशॉने थ्रॉम्बस आणि एम्बोलस हे वेगळे केले, फुफ्फुसातली गुठळी तिथे जन्मत नाही तर शिरांतून वाहत येते हे कुत्र्यांच्या शिरांत रबराचे वगैरे तुकडे सोडून दाखवलं. त्याला पडलेला प्रश्न गुठळी अडकल्यावर पुढे काय होतं हा होता. ती का धरते याचा तीन कारणांचा साचा त्याच्या नावाने नंतरच्या लोकांनी, विसाव्या शतकात, रूढ केला. परीक्षेत "विरशॉ ट्रायड" लिहा, मार्क मिळतील. "विरशॉने सांगितलेली तीन कारणं" मात्र लिहू नका.

स्नेहल७२
मध्येच विचारते, माफ करा. सासूबाईंचं वय 72. पाय सुजले म्हणून रक्त तपासलं, डी-डायमर 640 आलाय, लॅबच्या कागदावर 500 च्या वर असल्याने लाल अक्षरात. म्हणजे त्यांच्या पायात थ्रॉम्बस आहे आणि तो एम्बोलस होणार, असंच ना? रात्रभर झोप नाही.

प्रयोगशाळा_रात्रपाळी
नाही, असा अर्थ होत नाही. शरीरात कुठेही फायब्रिनचं जाळं बनून तुटलं की डी-डायमर वाढतो. ताप, जखम, ऑपरेशन, कॅन्सर, गरोदरपण आणि नुसतं वयसुद्धा त्याला पुरतं. ही तपासणी "गुठळी आहे" हे सांगायला निरुपयोगी आहे. संशय मुळात कमी असताना "गुठळी नाही" म्हणायला ती कामाची.

पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरायची पद्धत आहे. 72 वयाला 720. मग 640 मर्यादेच्या आत येतो. पण दोन अटी. एक, कागदावर एककापुढे एफईयू लिहिलेलं हवं. काही लॅब डीडीयू वापरतात, त्यात आकडा साधारण निम्मा येतो आणि हा गुणाकार तसाच लागत नाही. दोन, डॉक्टरांनी पाय बघून संशय कमी आहे असं ठरवलेलं हवं.

झडपवाला
स्नेहलताई, सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एकाच? नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा लागतो त्याच्या 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लावा. 3 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल, एकच पाय दुखत असेल, तर आकड्यांचा खल न करता आजच दाखवा आणि शिरांची सोनोग्राफी करून घ्या. तिच्यात आम्ही गुठळी शोधतोच असं नाही, शीर दाबून बघतो. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते. मिटली नाही तर आत काहीतरी आहे. आणि तोवर तेल लावून पाय चोळणं बंद.

स्नेहल७२
दोन्ही पाय सारखेच सुजलेत, संध्याकाळी जास्त. धाप नाही. तरी उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवते.

सूक्ष्मदर्शी
आता ओवीच्या मूळ प्रश्नाकडे. मूत्रपिंडात धमनीचा फाटा बंद झाला की त्याच्या वाट्याचा तुकडा मरतो, फिकट पडतो. हिशोब सरळ आहे, कारण दुसरी वाट जवळपास नसते. फुफ्फुसाला मात्र तीन बाजूंनी ऑक्सिजन येतो. फुफ्फुसाच्या धमनीतलं रक्त, महाधमनीतून निघणाऱ्या श्वासनलिकांच्या बारीक धमन्यांतलं रक्त, आणि आत आलेली हवा. म्हणून धमनी बंद पडली तरी फुफ्फुस सहसा तग धरतं. एम्बोलिझम झालेल्या दहांत साधारण एकालाच इन्फार्क्ट होतो असं जुनी पुस्तकं सांगतात.

आता गुठळी कुठे अडकली ते बघ. मुख्य फाट्यावर अडकली तर तिच्या पुढे वाहिन्यांचा अख्खा वृक्ष रिकामा उरतो. श्वासनलिकांच्या धमन्यांतलं रक्त जोडवाटांनी त्यात शिरतं आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यात पांगतं. दाब वाढत नाही, ऊतकाला जगण्यापुरतं मिळतं.

गुठळी अगदी टोकाला, 3 मिमी किंवा त्याहून बारीक धमनीत अडकली, तर पुढे छोटासा कप्पा उरतो. श्वासनलिकांच्या धमन्यांतलं रक्त अंगभरच्या बीपीच्या जोराने येतं. फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब एरवी 15 मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, तिथल्या केशवाहिन्या तेवढ्यासाठीच बनलेल्या. त्या लहान कप्प्यात हे जोरदार रक्त घुसलं की त्या फुटतात, हवेच्या पिशव्या रक्ताने भरतात. म्हणजे हवेतून मिळणारा ऑक्सिजनही गेला. वाचवायला आलेलं रक्तच तुकडा बुडवतं. म्हणूनच फुफ्फुसाचा इन्फार्क्ट लाल असतो आणि मूत्रपिंडाचा फिकट.

पाचरीचा रुंद भाग बाहेरच्या आवरणाला टेकलेला असतो. ऊतकाला दुखतं कळत नाही, आवरणाला कळतं. म्हणून श्वासाबरोबर टोचणारी कळ आणि थुंकीत रक्त ही लहान, कडेच्या गुठळीची खूण. मोठी मध्यभागी बसलेली गुठळी पुष्कळदा दुखतही नाही, फक्त धाप आणि घेरी.

वाचनमात्र
पटलं, पण एक शंका. दुसऱ्या गुठळीनंतर तासाभरात सीटी झाला. तेवढ्यात ऊतक मेलेलं दिसेल तरी का? पहिल्या गुठळीला दोन दिवस मिळाले, दुसरीला मिळालेच नाहीत. मग "मोठीने इन्फार्क्ट केला नाही" असं या केसवरून म्हणता येतं का?

सूक्ष्मदर्शी
योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. नाही, एवढ्या सीटीवरून म्हणता येत नाही. मी सांगितलं ते शवविच्छेदनांत आणि नंतरच्या तपासण्यांत दिसणारं सर्वसाधारण चित्र आहे, आणि केस लिहिणाऱ्याला तेच विचारायचं असणार. पण उत्तरात "तासाभरात इन्फार्क्ट दिसणं अपेक्षितच नव्हतं" हे एक वाक्य टाकलं तर परीक्षक मान वर करून नाव बघेल.

ओवी_तिसरंवर्ष
आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की इन्फार्क्ट होतो तो आधीच हृदय कमजोर असलेल्यांना. या माणसाला तर काही आजारच नव्हता.

सूक्ष्मदर्शी
नोट्स अर्ध्या खऱ्या. डावं हृदय नीट उपसत असेल तर फुफ्फुसाच्या त्या कप्प्यात साठलेलं रक्त शिरांवाटे निघून जातं, सांडलेलं शोषलं जातं आणि काही दिवसांत फुफ्फुस पूर्ववत. डावं हृदय थकलेलं असेल तर शिरांत आधीच तुंबलेलं, निचरा होत नाही, तुकडा मरतो. ही जुनी मांडणी आणि ती टिकली आहे. पण सीटी सर्रास व्हायला लागल्यापासून धडधाकट, तरुण माणसांतही अशा पाचरी दिसतात. त्यातली कुठली खरोखर मेलेली आणि कुठली नुसती रक्ताने भरलेली, हे पहिल्या सीटीवर ठरवणं अवघड. काही आठवड्यांनी परत बघितलं आणि मागे कायमचा रेघेसारखा व्रण राहिला तर मेलेली. मधल्या काळात ती बर्फाच्या खड्यासारखी आकार राखून कडेने विरघळत जाते. न्यूमोनिया तसा जात नाही, तो ठिकठिकाणी विरत जातो. या रुग्णाबाबत मी "इन्फार्क्ट" हा शब्द सीटीवाल्याचा म्हणून घेते, पैज लावणार नाही.

आयसीयू_पहाट
अकराव्या दिवशी त्याला फुफ्फुसाने पाडलं नाही, हृदयाच्या उजव्या बाजूने पाडलं. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ. त्याला कमी दाबाने रक्त ढकलायची सवय. अचानक पुढची वाट बंद झाली तर सवय नसलेला उजवा कप्पा सरासरी 40 मिमी पाऱ्याच्या वर दाब उभा करू शकत नाही. तो फुगतो. फुगल्यामुळे रक्त मागे तुंबतं, म्हणून मानेच्या शिरा टम्म. फुगलेला कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात भरायला जागा उरत नाही आणि फुफ्फुसातून येणारं रक्तही कमी. बीपी पडतं. बीपी पडलं की उजव्या कप्प्याच्या स्वतःच्या भिंतीला रक्त कमी मिळतं, तो आणखी फुगतो. या चक्रात माणूस मिनिटांत जातो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बीपी 82 दिसलं की सलाइनच्या बाटल्या धडाधड सोडणं. मानेच्या शिरा भरलेल्या असताना दिलेलं पाणी आधीच ताणलेल्या कप्प्यात जातं आणि पडदा आणखी डावीकडे सरकतो. द्यायचंच तर 250 मिली, थांबून बघायचं, आणि बीपी उचलणारं नॉरअॅड्रेनलिन लवकर सुरू करायचं. दुसरी चूक घाईने व्हेंटिलेटरवर घेणं. भूल दिल्यावर बीपी कोसळतं आणि छातीतला वाढलेला दाब उजव्या कप्प्याला आणखी अडवतो.

जिममास्तर
पण एक फुफ्फुस काढून टाकलेली माणसं जगतात की. त्यांची तर अर्धी वाट कायमची बंद.

आयसीयू_पहाट
चांगला मुद्दा काढलात. निरोगी माणसात अर्धी वाट बंद केली तरी उरलेल्या वाहिन्या रुंदावून काम भागवतात. गुठळीचं वेगळं असतं. तिच्यावरच्या प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन आणि सेरोटोनिन सोडतात, त्याने उघड्या वाहिन्याही आकसतात. शिवाय खोगिरासारखी बसलेली गुठळी दोन्ही बाजूंना अडवते. आणि ऑपरेशनमध्ये सर्जन आधी तपासून बघतो की हे हृदय एवढं सोसेल का. गुठळी विचारून येत नाही.

औषधी_चिकित्सक
उपचारात लोकांचा एक घोळ असतो, तो या धाग्यात यायला हवा. हेपरिन गुठळी विरघळवत नाही. ते नवीन जाळं विणणं थांबवतं, जुनं विरघळवायचं काम शरीराचं स्वतःचं प्लाझ्मिन करतं, दिवसांत आणि आठवड्यांत. नवव्या दिवशी, बीपी 124 असताना, तेवढं पुरलं असतं. 70 किलोच्या माणसाला सुरुवातीला शिरेतून 80 युनिट प्रति किलो म्हणजे 5600, मग ताशी 18 युनिट प्रति किलो म्हणजे 1260. किंवा सरळ एनॉक्सापॅरिन 1 मिग्रॅ प्रति किलो दर 12 तासांनी, मूत्रपिंड ठीक असेल तर.

अकराव्या दिवशी आठवडे वाट बघायला वेळ नाही. तिथे अल्टेप्लेस, 100 मिग्रॅ दोन तासांत. ते प्लाझ्मिन पेटवतं, गुठळी खातं, पण शरीरात जिथे जिथे चांगली गुठळी आहे तीही खातं. अकरा दिवसांचं मोडलेलं हाड रक्तस्राव करू शकतं. मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल तर हे देताच येत नाही. या रुग्णात मी देईन, पाय सुजेल तो बांधून सांभाळता येईल.

झडपवाला
प्लास्टरच्या आत रक्तस्राव झाला तर? बाहेरून सूज दिसणार नाही, आत दाब वाढून पाऊल काळं पडेल. अल्टेप्लेस सुरू करायच्या आधी प्लास्टर उभं कापून दोन भागांत उघडलं पाहिजे. नळी घालून गुठळी ओढून काढायची सोय जवळ असेल तर मी तिकडे झुकेन.

औषधी_चिकित्सक
प्लास्टर उघडायचं हे मान्य, मी लिहायला विसरलो. नळीबद्दल मात्र: बीपी 82 असताना टीम जमेपर्यंत तासभर गेला तर? सोय तयार असेल तर बोलू.

ओवी_तिसरंवर्ष
आणि नवव्या दिवशी ओळखता आलं असतं का? गुठळीची शक्यता मोजणारा वेल्स स्कोअर काढला: नाडी 100 च्या वर 1.5, हालचाल बंद 1.5, थुंकीत रक्त 1. बेरीज 4.

प्रयोगशाळा_रात्रपाळी
4 च्या वर असेल तर "शक्यता जास्त". तू काठावर, अलीकडे. मग नियमाने डी-डायमर येतो, आणि मोडलेल्या हाडात तो वाढलेलाच असणार, म्हणजे शेवटी सीटीच. पण तू एक ओळ सोडलीस. "एम्बोलिझम हेच सगळ्यात संभाव्य निदान वाटतं का" याला 3 गुण आहेत. ते धरले की 7, सरळ सीटी. हे 3 गुण डॉक्टरच्या डोक्यात ती शक्यता आली तरच मिळतात. इथे एक्स-रेतली सावली न्यूमोनियाची धरली गेली आणि ओळ रिकामी राहिली.

सूक्ष्मदर्शी
ताप होता का, हे केसमध्ये लिहिलेलंच नाही. न्यूमोनिया म्हणताना ते आधी विचारायला हवं होतं. अर्थात इन्फार्क्टलाही हलका ताप येतो, म्हणून त्याने सुटका होत नाही. खरी खूण सावलीचा आकार: घुमटासारखी, रुंद बाजू छातीच्या भिंतीला टेकलेली. आणि प्लास्टरमधला पाय.

वाचनमात्र
संडासहून उठताना पडला, ते का? कुंथल्यामुळे गुठळी सुटली?

झडपवाला
तसं सगळे सांगतात. कुंथताना पोटातला दाब वाढून पायातलं रक्त अडतं, दाब सुटला की एकदम वर धावतं. शिरेत वरच्या टोकाने लोंबणारी, भिंतीला न चिकटलेली शेपूट त्यात तुटू शकते. वेळ जुळते, पण उजवा कप्पा आधीच थकलेला असेल तर नुसतं कुंथून उठण्यानेही घेरी येते. दोन्हीतलं कुठलं झालं ते सीटी सांगत नाही.

जिममास्तर
मग प्लास्टर घातलेल्या प्रत्येकाला रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊन टाकावं. प्रश्नच मिटला.

औषधी_चिकित्सक
मिटत नाही. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याखालचं प्लास्टर असलेल्यांना अशी इंजेक्शनं देऊन बघितली. इंजेक्शनं दिलेल्या गटात 1.4 टक्के आणि न दिलेल्या गटात 1.8 टक्के लोकांना त्रास देणाऱ्या गुठळ्या झाल्या. तो फरक भरवशाचा नव्हता. म्हणून सरसकट नको, जोखीम बघून द्या, असं पुष्कळ जण म्हणतात. ज्याला आधी गुठळी झाली आहे, कॅन्सर आहे, इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत, त्याला द्यायचं.

झडपवाला
पण ती चाचणी गुडघ्याखालच्या प्लास्टरची. या माणसाचं मांडीपर्यंत होतं, गुडघाही बांधलेला, म्हणजे पोटरीच्या स्नायूचा पंप पूर्ण बंद. मी याला दिलं असतं.

औषधी_चिकित्सक
मीही बहुतेक दिलं असतं. पण ते त्या चाचणीतून सिद्ध होतं असं नाही म्हणणार.

ओवी_तिसरंवर्ष
उत्तराची पहिली ओळ अशी लिहिली आहे: "उजव्या पोटरीच्या शिरेतील थ्रॉम्बसचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी सुटून एम्बोलस झाले. लहान तुकडा टोकाला अडकून इन्फार्क्ट, मोठा मध्यभागी अडकून उजव्या हृदयाचं अपयश." चालेल?

सूक्ष्मदर्शी
"पोटरीच्या" काढ. खोगीर बनण्याइतकी जाड आणि लांब गुठळी पोटरीच्या बारीक शिरेत मावत नाही. ती पोटरीत जन्मून गुडघ्यामागे आणि मांडीत वाढत गेलेली असणार. "पोटरीत सुरू होऊन मांडीपर्यंत वाढलेल्या थ्रॉम्बसचे" असं लिही. आणि पायाची सोनोग्राफी केसमध्ये दिलेली नाही, म्हणून पुढे "बहुधा" घाल.